ओळख कोणाला करून द्यायची?

अमरावती-अकोल्याकडच्या लग्नांत संगीताची रात्र आता साक्षगंधाइतकीच ठरलेली झाली आहे. घरची माणसे चार-चार मिनिटांचे नाच बसवतात, महिनाभर आधी तालमी सुरू होतात, एकसारखे दुपट्टे येतात. या बारा-पंधरा नाचांना बांधून ठेवणारे बोलणे मात्र आदल्या रात्री कोणीतरी मोबाइलवर उतरवून घेते. मग 'आता येत आहेत आपल्या सर्वांच्या लाडक्या, हसतमुख, ऑलराउंडर मामी' हे एकच वाक्य नावे बदलून बारा वेळा ऐकू येते. लाडक्या मामी जातात, लाडके काका येतात, लाडकी आत्या येते. रात्र संपते, पण समोर बसलेल्या अर्ध्या लोकांना त्यातली कोण कोणाची कोण, हे अजूनही माहीत नसते.

हे अर्धे लोक म्हणजे दुसरे घर. मुलीकडच्यांना आपली मामी ठाऊक असते. त्यांना तिची ओळख नकोच असते. अकोल्याहून बस करून आलेल्या मुलाकडच्यांना ती हवी असते, कारण उद्यापासून त्या घराशी त्यांचे येणे-जाणे सुरू होणार आहे. पूर्वी वऱ्हाड दोन-तीन दिवस राहायचे. जानोशावरच्या चहापासून पंगतीतल्या आग्रहापर्यंत माणसे आपोआप एकमेकांना कळत जात. आता लॉनवरचे लग्न चार तासांत उरकते आणि त्यातला निम्मा वेळ फोटोंना जातो. दोन्ही घरांची लहानथोर माणसे एका दिशेला तोंड करून बसलेली आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत असलेली, अशी वेळ संगीताच्या रात्रीखेरीज दुसरी येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की सूत्रसंचालनाची संहिता करमणुकीच्या खात्यात धरू नये. ते सोयऱ्यांची सोयऱ्यांशी गाठ घालून देण्याचे काम आहे. त्यातली प्रत्येक ओळ समोरच्या घराला उद्देशून लिहिलेली असावी, आणि हे एक सूत्र धरले की ओळख कशी करावी, चेष्टा कोणाची करावी, एका नाचातून दुसऱ्यात कसे जावे, हे सगळे प्रश्न सुटत जातात.

'संगीत ही आपली रीतच नाही, ती उत्तरेकडून आणि सिनेमातून आली,' असे घरातली जुनी माणसे म्हणतात. नाव आणि थाट तिकडून आला, हे खरेच आहे. पण लग्नाच्या निमित्ताने जमलेल्या लोकांपुढे बसून नवरानवरीच्या घरांची कथा गाऊन सांगणे ही गोष्ट या जिल्ह्याला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा भक्तांनी मांडला आणि त्या प्रसंगी महदंबेने धवळे रचून गायले, असे महानुभाव परंपरा सांगते. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिची ही रचना मुळात लग्नातली गाणी आहे. विषय रुक्मिणीच्या लग्नाचा, आणि रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर हेही याच जिल्ह्यातले, वर्धा नदीच्या काठचे. जमलेल्यांना ठाऊक असलेल्या गावची लेक, तिचा बाप, तिचा अडून बसलेला भाऊ, तिला न्यायला आलेला नवरा, या सगळ्यांना गाण्यातून पुढे आणून उभे करायचे, हे काम वऱ्हाडात सातशे वर्षांपूर्वी एका बाईने केलेले आहे. आपण फक्त त्याला माईक जोडला आहे.

आता ओळख कशी करावी ते पाहू. मराठी कानाला ओळखीचा एक साचा आधीच माहीत आहे, आणि तो उखाण्याचा आहे. उखाण्यात आधी काहीतरी चित्र येते आणि नाव त्यानंतर येते. नाव आले की लोक हसतात, टाळ्या पडतात. नावच आधी सांगून टाकले तर पुढचे कोणी ऐकत नाही. याहून जुना दाखला भवभूतीचा आहे. विदर्भातल्या पद्मपूरचा हा नाटककार. 'महावीरचरित' नाटकाच्या आरंभी सूत्रधार त्याची ओळख करून देतो तेव्हा आधी गाव येते, मग घराण्याचा व्यासंग, मग आजोबा भट्टगोपाल, मग वडील नीलकंठ, आणि त्यानंतर खुद्द कवीचे नाव. आई जातुकर्णीचा उल्लेखही त्यात आहे. तो सूत्रधार 'अष्टपैलू' म्हणत नाही. हा माणूस कुठल्या घरचा, हे प्रेक्षकाला कळेल अशी वाट आखून देतो.

हाच क्रम आपण घ्यावा. पहिल्यांदा नवरानवरीशी नाते, मग त्या माणसाने केलेली आणि कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, आणि सर्वांत शेवटी नाव. मधल्या गोष्टीसाठी कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी फोन करावे लागतात, आणि ते ज्याची ओळख लिहायची त्याला करायचे नसतात. स्वतःबद्दल विचारले की माणूस एक तर लाजतो किंवा पदव्या सांगतो. काकांबद्दल काकूला विचारावे, काकूबद्दल जावेला, आजीबद्दल नातवाला. प्रश्न तीनच पुरतात. या माणसाचा नवरीशी किंवा नवऱ्याशी खरा व्यवहार काय होता? त्याने केलेली कोणती गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली? आणि उद्या मांडवात हा माणूस हमखास कुठे सापडेल? या तिसऱ्या प्रश्नाचे मोल सगळ्यात जास्त आहे. त्याच्या उत्तरामुळे परक्या घराला दुसऱ्या दिवशी तो माणूस ओळखता येतो आणि जाऊन बोलायला विषयही मिळतो.

माझ्या भाचीच्या लग्नात ती संहिता मी लिहिली. मुलगी अमरावतीची, मुलगा अकोल्याचा. नवरीच्या मोठेबाबांबद्दल मी मोठीमायला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अवं, त्याइले कायची हौस असन त गाडीच्या आधी ठेसनावर जाऊन बसाची!" एवढ्या एका वाक्यावर ओळख उभी राहिली. मंचावरून ती अशी म्हटली गेली:

"अकोल्याच्या पाहुण्यांनो, उद्या सकाळी मांडवाच्या फाटकापाशी सगळ्यांच्या आधी एक गृहस्थ उभे दिसतील. हे नवरीचे मोठेबाबा. नवरी पुण्याला शिकत होती तेव्हा प्रत्येक वेळी बडनेरा स्टेशनवर तिला सोडायला हेच जायचे, आणि गाडीच्या दोन तास आधी जायचे. चार वर्षांत तिची एकही गाडी चुकली नाही. बाकावर बसून यांच्यासोबत प्यायलेल्या त्या दोन तासांच्या चहांनी तिला घर सोडून राहायला शिकवलं. आज त्यांच्याआधी कोणी मंचावर पोचलं नाही. ते मघापासून पायऱ्यांशी उभेच आहेत..." आणि मग नाव.

हे पासष्ट-सत्तर शब्द आहेत. माईकवर मराठी बोलण्याचा सुखाचा वेग मिनिटाला एकशे दहा ते एकशे वीस शब्दांचा असतो, म्हणजे ही ओळख चाळीस सेकंदांच्या आत होते. यात मोठेबाबांची स्तुती करणारे एकही विशेषण नाही. त्यांची एक खोड आहे, त्या खोडीतली माया आहे, आणि ते उद्या कुठे भेटतील याचा पत्ता आहे. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मामांनी फाटकापाशी त्यांना गाठले आणि "काय मोठेबाबा, गाडी किती वाजताची आहे?" असे विचारले. दोघे नंतर जेवायला शेजारी बसले. ओळख लागू पडली की नाही, हे ओळखण्याची खूण म्हणजे असा प्रश्न. टाळ्या नाइलाजानेही वाजतात.

लिहून झालेली ओळख तपासायची एक सोपी रीत आहे. नाव खोडून तिथे दुसऱ्या नातेवाइकाचे नाव घालावे. वाक्य तरीही खरे वाटले, तर ते वाक्य निकामी आहे. 'लाडक्या, हसतमुख' या परीक्षेत पहिल्याच फटक्यात पडते. 'गाडीच्या दोन तास आधी' टिकते, कारण ते दुसऱ्या कोणाला लागूच होत नाही.

पण खोड सांगायची म्हणजे चेष्टा आलीच, आणि संगीताच्या रात्री सर्वांत जास्त मने दुखावतात ती इथे. जाडीवर, टकलावर, रंगावर, वय होऊनही न जमलेल्या लग्नावर, सासू-सुनेवर केलेले विनोद तयार संहितांमध्ये भरलेले असतात. ते म्हणणाऱ्याचा युक्तिवाद ठरलेला असतो: लग्नात थट्टा चालायचीच, आपल्या विहिणीची गाणी काय कमी तिखट होती?

ती तिखट होती, यात शंका नाही. पण ती कोण म्हणत होते आणि कोणाला उद्देशून, हे लक्षात घेतले पाहिजे. मुलीकडच्या बाया मुलाकडच्यांना, म्हणजे त्या मांडवात ज्यांचा मान मोठा, ज्यांचे रुसवे काढावे लागत, ज्यांच्या पायांवर पाणी घालावे लागे, त्यांना टोचत होत्या. वर्षानुवर्षे ज्यांच्यापुढे वाकायचे, त्यांना एका संध्याकाळी गाण्याच्या आडोशाने दोन शब्द ऐकवण्याची ती मुभा होती. टोमणा खालून वर जात होता, म्हणून तो सोसला जाई आणि हवाहवासाही वाटे. आज माईक हातात असलेला तरुण पोरगा जेव्हा नोकरी सुटलेल्या मावशीच्या मुलाला किंवा चाळिशीतल्या अविवाहित आत्याला चिमटा काढतो, तेव्हा टोमणा वरून खाली येतो. रूप तेच असले तरी रीत उलटी झालेली असते. ज्याच्याकडे त्या घरात अधिक मान, अधिक पैसा किंवा अधिक अधिकार आहे, त्याची थट्टा करावी. ज्याची बाजू पडती आहे, त्याच्याबद्दल फक्त त्याने केलेले सांगावे. विहिणीच्या गाण्यांतून शिकण्यासारखा नियम हा आहे.

या नियमाने विनोद आटत नाही. आमच्या संहितेत सगळ्यात मोठा हशा दोन्ही व्याह्यांवर पिकला. त्याला आधार होता अमरावती-अकोला महामार्गाचा. या रस्त्याने कित्येक वर्षे दोन्ही गावांच्या लोकांची हाडे खिळखिळी केली होती. मग जून 2022 मध्ये त्यातली 75 किलोमीटरची एकेरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत सलग डांबरीकरण करून पुरी झाली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मुलाकडच्यांचा नाच संपून मुलीकडच्यांचा सुरू होण्याआधी आम्ही म्हटले: "अमरावती ते अकोला. सरकारनं मनावर घेतलं तर या वाटेवरचा 75 किलोमीटर रस्ता 105 तास 33 मिनिटांत होतो. आमच्या दोन्ही इवायांनी मनावर घेतलं, तर पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, हे ठरायला दीड महिना लागतो. तरी बरं, पत्रिकेचा कागद एकच होता." दोघेही घरचे कर्ते पुरुष; दोघांवर सारखाच वार झाला, आणि दीड महिना निमूट बसलेल्या बायका मनापासून हसल्या. असे वाक्य दोघांना आधी दाखवून ठेवावे. त्याने त्यातली गंमत कमी होत नाही. उलट ज्याच्यावर विनोद आहे तोच पुढे होऊन हसतो, तेव्हा मांडव मोकळा होतो.

आता ज्यांची नावे यादीत नसतात त्यांच्याविषयी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लग्नाचे विधी सवाष्णींना धरून चालतात. हळद लावायला सवाष्ण, घाणा भरायला सवाष्ण, ओटी भरायला सवाष्ण. विधवा काकू किंवा आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि कोणी मुद्दाम हाकलत नसले तरी तिला कोणी पुढेही बोलावत नाही. संगीताच्या रात्रीला विधी नाही, मुहूर्त नाही, भटजी नाही. तिथे कोणाला कधी मंचावर आणायचे, हे पूर्णपणे संहिता लिहिणाऱ्याच्या हातात असते. जी जागा विधीत मिळत नाही ती इथे देता येते, आणि ती दिली नाही तर त्याला रूढीचे कारण देता येत नाही.

मुलाची आजी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेती तिनेच पाहिली. तिला नाचायचे नव्हते, बोलायचेही नव्हते. तिच्या नातवाकडून कळले, की कापसाच्या वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वजन झाले, की वीस बायांपैकी कोणी किती किलो वेचला ते ती वहीत न पाहता सांगते. ती ओळख आम्ही मुलीकडच्यांनी करून दिली, आणि वऱ्हाडीत करून दिली: "हे नवरदेवाची आजी हाये. वेचनीच्या दिसांत सांजच्याले वजन झालं का वीस बायांचा हिशेब हिच्या तोंडपाठ. चाळीस वर्सांत कोन्या बाईचा एक किलो इकडचा तिकडं झाला नाही. आमची पोरगी ज्या घरात जाऊन राह्यली, त्या घराची वही ह्या बाईच्या डोक्यात हाये. म्हनून आमाले घोर नाही." मग नाव, आणि नावासोबत नवरीने तिचा हात धरून तिला पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवले. इथे वऱ्हाडी निवडली ती हसवण्यासाठी नव्हे. सिनेमा-मालिकांनी या बोलीला विनोदी पात्राच्या तोंडी इतके बांधून टाकले आहे, की गंभीर आणि आदराचे बोलणे तिच्यात होऊ शकते हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. ज्या आजीचा सगळा कर्तेपणा या बोलीत घडला, तिचा सन्मान प्रमाण मराठीत किंवा हिंदीत करणे म्हणजे तिला समोर बसवून दुसऱ्या कोणाबद्दल बोलण्यासारखे आहे. निवेदन करणाऱ्याला मात्र बोली आपली असली पाहिजे. उसनी वऱ्हाडी नक्कल वाटते आणि तिने अपमान होतो.

बायकांच्या ओळखीत आणखी एक गोष्ट पाळावी. 'अमुक यांच्या सौभाग्यवती' एवढ्यावर थांबू नये. नाते सांगताना नवरा येईलच, पण मधली गोष्ट तिची स्वतःची हवी. आणि पूर्ण यादी तयार झाली की ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावी. कोण राहिले, कोणाचे नाव धाकट्याच्या नंतर आले, कोणत्या दोन भावांना सलग आणू नये, हे तिला एका दमात कळते. मानपान हा प्रकार आपल्याला कितीही जुनाट वाटो, एका राहिलेल्या नावाचा रुसवा दहा वर्षे चालतो, आणि तो लग्न होऊन गेलेल्या मुलीला भोगावा लागतो.

इतके नीट लिहिलेले बोलणे वाया जाण्याची जागा म्हणजे दोन नाचांमधली फट. इथे अडचण शब्दांची नसते, वेळेची असते. उघड्या लॉनवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम तसे सांगतात. पत्रिकेत सातची वेळ असली तरी अकोल्याची बस पोचून, चहा होऊन लोक बसेपर्यंत पावणेआठ होतात. उरतात 135 मिनिटे. आम्ही बारा नाच धरले होते. प्रत्येकी चार मिनिटांचे 48 झाले. दर नाचामागे ओळख आणि जा-ये यांची दोन मिनिटे धरली, ती 24. स्वागताला 5, दोन्ही घरांच्या एकत्र ओळखीला 10, नवरानवरीच्या आगमनाला 8, आजीच्या सन्मानाला 5 आणि शेवटी सगळ्यांच्या नाचाला 10. बेरीज 110 मिनिटे, शिल्लक 25. ही शिल्लक चैनीची नाही. ती उशिरा आलेला फेटेवाला, हरवलेला पेनड्राइव्ह आणि 'एकदा परत लावा ना'चा आग्रह यांत संपते. ज्या घरात अठरा नाच धरले जातात तिथे शेवटच्या चार जणांना दहाच्या ठोक्याला घरी जावे लागते, आणि ते चार बहुतेक वेळा घरचे धाकटे असतात.

मधली दोन मिनिटे कशात जातात, तेही पाहावे. नऊवारीतल्या आठ बायांना एका जिन्याने चढून जागा घ्यायला मिनिटभर सहज लागते. त्याच जिन्याने आधीचे उतरत असतील तर दीड मिनिट लागते. म्हणून चढायला एक बाजू आणि उतरायला दुसरी बाजू ठेवावी, आणि पुढच्या गटाला आधीच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यालाच पायऱ्यांशी उभे करावे. निवेदकाने त्यांच्याकडे पाठ करून उभे राहू नये. गटातली एक बाई 'झाले' म्हणून हात वर करील, तो त्याला दिसला पाहिजे. गाण्यांच्या फायली क्रमांक घालून साउंडवाल्याला द्याव्यात, आणि प्रत्येक ओळखीचा शेवटचा शब्द त्याच्या कागदावर लाल शाईने लिहावा. नाव शेवटी ठेवण्याचा दुसरा फायदा इथे मिळतो: नाव उच्चारले, टाळी पडली, गाणे सुरू झाले. नाव मध्येच आले आणि मागे दोन वाक्ये राहिली, तर साउंडवाला गोंधळतो आणि गाणे निवेदकाच्या बोलण्यावर येऊन आदळते.

दुवा जोडताना आधीच्या नाचातली एक वस्तू उचलावी आणि ती पुढच्याच्या हातात द्यावी. मुलाचे मामेभाऊ कृषी विद्यापीठात नोकरीला, आणि त्यांच्यानंतर नवरीच्या वडिलांचे अमरावतीचे मित्र गाणार होते. दुवा असा होता: "डॉ. पंजाबराव देशमुख जन्मले अमरावती जिल्ह्यातल्या पापळला, आणि त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ 1969 साली उभं राहिलं अकोल्याला. म्हणजे आमच्या घरचं माणूस तुमच्या गावात नेऊन मोठं करायची ही पहिली वेळ नाही. अकोल्यानं एकदा ते नीट करून दाखवलं आहे. पुन्हा एकदा कराल, या भरवशावर आता गात आहेत नवरीच्या वडिलांचे चार जुने मित्र." तीस सेकंद झाले, दोन्ही गावांना मान मिळाला, आणि मुलीच्या बापाच्या मनातले एक वाक्य त्याला न बोलता बोलले गेले.

एवढे करूनही कधी गाणे लागत नाही, कधी कोणाचा घागरा अडकतो. त्यासाठी कोणत्याही नाचाला न चिकटलेले, वीस-तीस सेकंदांचे तीन राखीव तुकडे खिशात असावेत. ते प्रश्नाच्या रूपात असले की सर्वांत चांगले चालतात. गाडगेबाबा याच मातीतले, शेंडगावचे. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्यांना विचारलेले साधे प्रश्न आणि लोकांनी एका आवाजात दिलेली उत्तरे असत. पदरचे पांडित्य त्यात नसे. ते प्रश्न सगळ्यांना उत्तर देता येईल असे असत, यात त्यांची खरी ताकद होती. 'अकोल्याहून येताना मूर्तिजापूरला चहाला कोण कोण थांबले?' असे विचारले, की पन्नास हात वर होतात आणि मागच्या बाजूला खाण्याच्या टेबलांकडे वळलेल्या खुर्च्या पुन्हा पुढे फिरतात. 'बोला, एन्जॉय करताय ना?' या प्रश्नाला मात्र उत्तरच नसते. तो तीनदा विचारला जातो आणि तिन्ही वेळा पडतो.

व्यावसायिक सूत्रसंचालक बोलवावा का, असा प्रश्न यावर कोणी विचारेल. बोलवायला हरकत नाही. आवाज, वेळ आणि गर्दी सांभाळणे त्याला आपल्यापेक्षा चांगले जमते. पण मोठीमायला फोन त्याला करता येत नाही, आणि पत्रिकेवर दीड महिना चाललेली ओढाताण त्याला कोणी सांगणार नाही. त्याच्या हाती घड्याळ आणि राखीव तुकडे द्यावेत. ओळखी घरच्याच कोणीतरी लिहाव्यात आणि शक्य तर घरच्यानेच म्हणाव्यात, आवाज थोडा कापला तरी चालेल. मुलाकडच्या माणसांची ओळख मुलीकडच्याने आणि मुलीकडच्यांची मुलाकडच्याने करून दिली तर त्याहून उत्तम, कारण मग संहितेसाठीच दोन घरांना पंधरा दिवस एकमेकांशी बोलावे लागते. आमच्याकडे असे फोन झाले, तेव्हा लग्नाच्या आधीच माझी बहीण आणि तिची विहीण एकमेकींना नावाने हाक मारू लागल्या होत्या.

त्यामुळे संहिता चांगली झाली की नाही, याचा हिशेब मी त्या रात्रीच्या हशावर करत नाही. दुसऱ्या दिवशी लग्नात अकोल्याच्या किती माणसांनी अमरावतीच्या माणसाला न विचारता नात्याने हाक मारली आणि एका गोष्टीवरून बोलायला सुरुवात केली, यावर करते. मुलगी सासरी गेल्यावर तिच्या माहेरचा फोन आला, की फोन उचलणाऱ्याला पलीकडचा आवाज कोणाचा, हे कळले पाहिजे. ज्या रात्री दोन्ही घरे एका दिशेला तोंड करून बसलेली असतात त्या रात्री हे काम केले नाही, तर पुढे ते एकटीने करण्याची पाळी त्या मुलीवर येते, आणि त्यात तिची वर्षे जातात.